सध्या जमत नाही, की नकोच आहे?

स्थळ पाहण्याची पद्धत आता बरीच बदलली आहे. घरच्यांनी पत्रिका आणि फोटो पाहून नंबर दिले की पहिली भेट दोघंच बाहेर कुठेतरी कॉफीवर घेतात. ती छान झाली की खरी अडचण सुरू होते. दुसऱ्या भेटीचं विचारल्यावर जे कोमट उत्तर येतं, ते 'आत्ता जमत नाही' या अर्थाचं आहे की 'पुढे जायचं नाही' या अर्थाचं, हे ओळखता येत नाही. अनेक चांगली स्थळं इथेच गैरसमजाने सुटतात आणि अनेक मुलींना इथेच नको इतका पाठपुरावा सहन करावा लागतो.

उत्तर समजायला हवं असेल तर आधी प्रश्न नीट हवा. 'परत भेटूया का कधी?' असं विचारलं की 'हो, नक्की' असं येतं आणि त्यातून काहीच कळत नाही. समजा, मुलगा हिंजवडीत नोकरी करतो, मुलगी पुण्यातच सीए आहे आणि पहिल्या भेटीत जुन्या वस्तूंचा विषय निघाला होता. मग दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याने असं लिहावं: 'काल बोलून छान वाटलं. तू केळकर संग्रहालय पाहिलं नाहीस म्हणालीस, रविवारी अकराला जाऊया का? तासाभरात होईल. नाही जमलं तरी हरकत नाही.' यात वार आहे, वेळ आहे, भेट केवढी ते आहे आणि नाही म्हणायला जागाही आहे. नाटकाचं तिकीट काढून विचारू नये. तिकीट काढलेलं असलं की समोरच्यावर भार येतो, शिवाय नाटकात तीन तास शेजारी बसून बोलणं काहीच होत नाही.

आता दोन उत्तरं शेजारी ठेवून पाहा. महिना सप्टेंबरचा आहे.

पहिलं: 'नाही रे, ऑडिट चालू आहेत, रविवारीही ऑफिस आहे. ३० तारीख होऊन जाऊ दे.'

दुसरं: 'अगं बाई, किती छान कल्पना! मलाही खूप मस्त वाटलं भेटून. सध्या जरा गडबड आहे, बघू 😊'

वाचताना दुसरं गोड लागतं आणि पहिलं तुटक. पण आशा पहिल्यात जास्त आहे. टॅक्स ऑडिटचे अहवाल भरण्याची मुदत सहसा ३० सप्टेंबर असते, त्यामुळे त्या महिन्यात सीएला खरंच श्वास घ्यायला फुरसत नसते. त्याहून महत्त्वाचं म्हणजे तिने अडचण कधी संपेल ते सांगितलं आहे. दुसऱ्या उत्तरात कौतुक भरपूर आहे, पण रविवारऐवजी कोणता वार, यावर एक अक्षर नाही. कारण किती मोठं आहे किंवा इमोजी किती आहेत, याला फारसं महत्त्व देऊ नये. पुढची वेळ समोरून येते का, एवढं पाहावं.

ही खूणही पक्की नाही. काहीजण लाजरे असतात, स्वतःहून वार सुचवत नाहीत. काहींच्या घरी अजून बोलणं व्हायचं असतं आणि 'घरी बोलून सांगते' हे अगदी खरं असतं. म्हणून दोन्ही उत्तरांना सुरुवातीला एकच उत्तर द्यावं: 'काही घाई नाही, काम आटोपू दे.' लगेच दुसरा वार, तिसरी जागा पुढे करू नये. निळ्या टिका मोजत बसू नये आणि आईला तिच्या आईकडे फोन करायला तर मुळीच सांगू नये. तसा फोन गेला की मुलीला घरात उत्तर द्यावं लागतं आणि मग ती मनाविरुद्ध भेटायला येते किंवा पत्रिकेचं कारण पुढे येतं.

ऑक्टोबरचा पहिला आठवडा उलटला की एकदाच पुन्हा विचारावं, तसंच नेमकं. या वेळीही वार न देता गोड टोलवाटोलवी झाली, तर तो नकार समजावा. आता आणखी एक निरोप बाकी राहतो, आणि बहुतेकजण तोच पाठवत नाहीत: 'तुझ्याशी बोलून खरंच छान वाटलं. पुढे जायचं मनात नसेल तर मोकळेपणाने सांग, कारण विचारणार नाही. हवं तर दोन्हीकडे मीच कळवतो.' नकार देण्यापेक्षा तो घरी समजावून सांगणं मुलीला जास्त जड जातं. तो भार उचलला गेला की उत्तर सहसा लवकर आणि स्पष्ट येतं.

मग घरी सांगताना 'तिने नाही म्हटलं' असं सांगू नये. 'आम्ही दोघं बोललो, पुढे न्यावं असं वाटत नाही' एवढं पुरतं. मध्यस्थ असतील तर त्यांनाही त्याच दिवशी, त्याच शब्दांत कळवावं, म्हणजे तिच्याकडचे लोक पुढचं स्थळ पाहायला मोकळे होतात.