नवशिक्याचा फाजील आत्मविश्वास

नवशिक्याचा फाजील आत्मविश्वास म्हणजे एखादे कौशल्य शिकायला घेतल्यानंतर, ते हातात बसण्याआधीच, आपल्याला ते प्रत्यक्षापेक्षा बरेच जास्त येते असे वाटणे. मराठीत याला ‘अर्ध्या हळकुंडाने पिवळे होणे’ म्हणतात. या म्हणीत थोडी टवाळी आहे, पण मानसशास्त्राच्या दृष्टीने हा स्वभावदोष नाही आणि केवळ गर्विष्ठांना तो होतो असेही नाही. शिकण्याच्या सुरुवातीला हाताशी जो पुरावा असतो तोच तोकडा आणि एकांगी असल्यामुळे अंदाज चुकतो. म्हणून नम्रतेचा उपदेश येथे फारसा कामाला येत नाही. कामाला येतो तो बाहेरचा पुरावा, आणि तोही ठरावीक रीतीने गोळा केलेला.

मूळ अभ्यास आणि त्यावरचे आक्षेप

या विषयावरचा सर्वात गाजलेला अभ्यास अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात जस्टिन क्रूगर आणि डेव्हिड डनिंग यांनी केला. तो १९९९ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थ्यांना तर्क, व्याकरण आणि विनोदाची जाण यांच्या चाचण्या देऊन ‘इतरांच्या तुलनेत तुम्ही कुठे आहात?’ असे विचारले गेले. तळाच्या चौथ्या हिश्श्यातले विद्यार्थी सरासरीने शंभरातल्या केवळ बारा जणांच्या पुढे होते, पण स्वतःला ते बासष्ट जणांच्या पुढे समजत होते.

याचे संशोधकांनी दिलेले स्पष्टीकरण असे : उत्तर बरोबर काढायला जे ज्ञान लागते, तेच ज्ञान आपले उत्तर चुकले आहे हे ओळखायलाही लागते. ज्याला व्याकरणाचा नियम माहीत नाही त्याला चुकीचे वाक्य चुकीचे वाटतच नाही. याच अभ्यासात काही विद्यार्थ्यांना नंतर इतरांच्या उत्तरपत्रिका तपासायला दिल्या होत्या. त्या पाहून वरच्या हिश्श्यातल्यांनी स्वतःबद्दलचा अंदाज सुधारला. तळाच्या विद्यार्थ्यांना मात्र चांगली उत्तरे डोळ्यांसमोर असूनही आपले कुठे कमी पडते ते दिसले नाही. दुसऱ्या एका प्रयोगात तर्काचे थोडे प्रशिक्षण दिल्यावर कमी गुणांच्या विद्यार्थ्यांनी स्वतःचे आधीचे गुण अधिक अचूक ओळखले.

या निष्कर्षावर गंभीर आक्षेपही घेतले गेले आहेत. चाचणीत तळाला जाणाऱ्यांपैकी काही त्या दिवशी नशिबाने मागे पडलेले असतात, त्यामुळे त्यांचा अंदाज गुणांपेक्षा वर असणे काही अंशी निव्वळ गणिताचा परिणाम असतो. शिवाय बहुतेक सगळेच स्वतःला सरासरीच्या थोडे वर मानतात, आणि सगळ्यांचा अंदाज तिथे एकवटला की सर्वात मोठी चूक आपोआप तळाच्यांच्या वाट्याला येते. यादृच्छिक आकड्यांमधूनही जवळजवळ तसाच आलेख काढून दाखवला गेला आहे. हे आक्षेप वजनदार आहेत, पण त्यांनी मूळ प्रश्न संपत नाही, कारण नवशिका आणि कमकुवत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. १९९९ चा अभ्यास कमी गुणांच्या विद्यार्थ्यांचा होता, शिकत असलेल्या माणसाचा नव्हे. थोडेसे शिकताच आत्मविश्वास एकदम टोकाला जातो असे दाखवणारा, इंटरनेटवर फिरणारा ‘मूर्खपणाच्या शिखराचा’ आलेख तर त्या शोधनिबंधात नाहीच.

नवशिक्याचा फुगवटा

शिकणाऱ्या माणसाचा माग कार्मेन सँचेझ आणि डनिंग यांनी २०१८ च्या अभ्यासात घेतला. त्यात सहभागींना एका काल्पनिक साथीतले डॉक्टर बनवले होते. एकामागून एक साठ रुग्णांची लक्षणे पाहून निदान करायचे, ते बरोबर की चूक हे लगेच कळायचे आणि प्रत्येक वेळी आपली खात्री किती हेही सांगायचे. लक्षणे मुद्दाम बेभरवशाची ठेवली होती, म्हणजे एकच लक्षण कधी आजार दाखवी, कधी नाही.

अगदी सुरुवातीला लोक बेफिकीर नव्हते. आपल्याला काही येत नाही हे त्यांना ठाऊक होते. पण थोडेच रुग्ण तपासून होताच खात्री झपाट्याने वर गेली आणि अचूकता मात्र हळूहळूच वाढत राहिली. फुगवटा कोऱ्या पाटीवर येत नाही, पहिल्या काही अनुभवांनंतर येतो. हाती आलेल्या चार-सहा उदाहरणांवरून माणूस लगेच नियम बांधतो. त्या उदाहरणांना तो नियम छान बसतो, कारण तो त्यांच्यावरूनच बनवलेला असतो. नवी उदाहरणे त्या नियमाला जुमानत नाहीत हे कळायला बराच वेळ जातो.

याला आणखी एक कारण जोडले जाते, ते म्हणजे न केलेल्या गोष्टी दिसत नाहीत. डियाना कपुटो आणि डनिंग यांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अक्षरांच्या जाळ्यातून शब्द शोधण्याचे कोडेही होते. सापडलेले शब्द खेळणाऱ्यासमोर असतात, निसटलेले नसतात. निसटलेल्यांबद्दल सांगितले की लोकांचा स्वतःबद्दलचा अंदाज खाली येई. प्रत्यक्ष शिकताना ही अडचण जागोजागी असते. नवशिक्या प्रोग्रामरला त्याने लिहिलेला कोड चाललेला दिसतो, पण रिकामी यादी किंवा ऋण संख्या दिल्यावर काय होईल हा प्रश्न त्याला सुचलेलाच नसतो. न सुचलेला प्रश्न चूक म्हणून मोजला जात नाही.

अंदाजवहीची पद्धत

आत्मविश्वास आणि अचूकता जुळवण्याची सर्वात भरवशाची रीत हवामान खात्यांच्या अनुभवातून आली आहे. अमेरिकेत १९६५ पासून पावसाची शक्यता टक्क्यांत जाहीर होते. ‘७० टक्के शक्यता’ सांगितलेल्या दिवसांपैकी खरोखरच सुमारे ७० टक्के दिवशी पाऊस पडतो का, हे तपासता येते. हे अंदाजकार या कसोटीला चांगले उतरले, कारण ते आकड्यात बोलतात, रोज बोलतात आणि दुसऱ्याच दिवशी त्यांना उत्तर मिळते.

शिकणाऱ्यालाही तेच करता येते. समजा, प्रोग्रामिंग शिकणारी एक व्यक्ती तयार चाचण्या असलेले ४० सराव-प्रश्न सोडवते. कोड लिहून झाल्यावर, पण चाचण्या चालवण्यापूर्वी, ती वहीत लिहिते : ‘सगळ्या चाचण्या पास होतील याची मला इतके टक्के खात्री आहे.’ क्रम महत्त्वाचा आहे. निकाल पाहिल्यावर आठवलेली खात्री बहुधा निकालाच्या बाजूला सरकते. अर्धवट निकाल पाहून आकडा बदलला तरी नोंद निरुपयोगी होते.

आता उदाहरणादाखल हिशेब असा धरू. २० प्रश्नांवर तिने ९० टक्के खात्री लिहिली आणि त्यांतले १३ बरोबर निघाले. १० प्रश्नांवर ७० टक्के लिहिले, ६ बरोबर. उरलेल्या १० वर ५० टक्के, ५ बरोबर. सरासरी खात्री ७५ टक्के आणि प्रत्यक्ष यश ६० टक्के, म्हणजे एकूण १५ टक्क्यांची फुगवणूक. पण ही सरासरी खरी जागा लपवते. ५० आणि ७० टक्क्यांचे गट जवळपास ठीक आहेत, सगळी गडबड ‘हे तर मला येतेच’ म्हटलेल्या गटात आहे. ९० टक्के म्हणते तेव्हा ती प्रत्यक्षात ६५ टक्के बरोबर असते.

हा केवळ दुर्दैवाचा खेळ असेल का? खरी शक्यता ९० टक्के असती तर वीसपैकी तेरा किंवा त्याहून कमी बरोबर येण्याचा योग हजारात दोन-तीन वेळाच येतो. म्हणून हा निष्कर्ष टिकतो. उलट दहापैकी सहावरून ७० टक्क्यांच्या गटाबद्दल काहीच ठरवता येत नाही. एका गटात निदान वीसेक नोंदी होईपर्यंत त्यावर मत बनवू नये.

एकाच आकड्यात गुणवत्ता हवी असेल तर ग्लेन ब्रायर यांनी १९५० मध्ये हवामान-अंदाजांसाठी सुचवलेला गुणांक वापरतात. खात्री दशांशात घ्यायची, निकाल बरोबर असेल तर १ आणि चूक असेल तर ०, दोन्हींतल्या फरकाचा वर्ग करायचा आणि सगळ्या नोंदींची सरासरी काढायची. आकडा जितका लहान तितके चांगले. वरच्या वहीत बेरीज १०.८ येते आणि सरासरी ०.२७. डोळे मिटून प्रत्येक प्रश्नावर ५० टक्के लिहिले असते तर ०.२५ आले असते. म्हणजे तिची खात्री माहिती देण्याऐवजी दिशाभूल करत होती. केवळ ९० च्या जागी ६५ लिहिले असते तरी हा आकडा सुमारे ०.२४ वर आला असता, आणि तेही एकही प्रश्न जास्त न सोडवता.

पुढची पायरी म्हणजे ९० टक्के खात्री लिहूनही चुकलेल्या सात प्रश्नांपाशी थांबणे. ‘हे चुकू शकते’ असे म्हणायला आधी कोणता पुरावा उपलब्ध होता, हे प्रत्येकासमोर लिहावे. आशर कोरियत आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८० मध्ये दाखवले की स्वतःच्या उत्तराच्या विरुद्ध जाणारे कारण आधी लिहायला लावले की खात्री वास्तवाजवळ येते. उत्तराच्या बाजूची कारणे लिहून तसा फायदा झाला नाही. ती मनात आधीच गर्दी करून असतात.

बरोबर-चूक नसलेली कौशल्ये

लेखन, चित्रकला, गायन यांत चाचणी चालवता येत नाही, म्हणून लोक ओळखीच्यांचे मत घेतात. ते बहुधा कुचकामी ठरते. ‘कसे वाटले?’ या प्रश्नाचे उत्तर नात्याप्रमाणे येते, कामाप्रमाणे नाही. गप्प राहणाऱ्यांची संख्या तर मोजलीच जात नाही आणि तक्रार आली नाही हेच यश समजले जाते.

येथे नाव झाकून तुलना करावी. आपले दोन नमुने साधारण त्याच पातळीच्या इतरांच्या आठ नमुन्यांत मिसळावेत. कोणाचे कोणते हे ठाऊक नसलेल्या, पण त्या कामात मुरलेल्या दोघा-तिघांकडून स्वतंत्रपणे क्रम लावून घ्यावा. आपले नमुने कितव्या क्रमांकावर येतील हे आधी लिहून ठेवावे. परीक्षकांचे आपसातच जमत नसेल तर त्या क्रमाला फार अर्थ नसतो, म्हणून एकच परीक्षक पुरेसा होत नाही. नमुने ताजे असू नयेत. नुकतेच संपवलेले काम वाचताना कागदावरचे आणि मनातले यांची सरमिसळ होते, काही दिवसांनी फक्त कागदावरचे उरते.

मर्यादा

अंदाजवही जुळली म्हणजे कौशल्य आले असे नाही. प्रत्येक वेळी ५० टक्के म्हणणारा आणि अर्ध्या वेळा बरोबर येणारा माणूस खात्रीच्या बाबतीत निर्दोष असतो, पण त्याला काही येत नाही. दोन्ही गोष्टी शेजारी ठेवूनच वाचाव्या लागतात. तसेच एका क्षेत्रात जुळलेली खात्री दुसऱ्या क्षेत्रात सोबत येते असे गृहीत धरू नये. त्याच क्षेत्रातही प्रश्न एकदम कठीण झाले की जुने आकडे ढासळतात. प्रश्नांची पातळी बदलेल तेव्हा वहीचे नवे पान उघडावे आणि जुन्या नोंदी त्या हिशेबात मिसळू नयेत.