करपलेल्या जास्वंदीला पाणी किती आणि कात्री केव्हा

बारा इंची कुंडीतली जास्वंद उष्णतेच्या लाटेत दोन दिवस पाण्याविना उन्हात राहिली, तर तिच्या पानांच्या कडा तपकिरी आणि कुरकुरीत होतात, शेंड्याची काही पाने पूर्ण वाळतात आणि उरलेली माना टाकतात. अशा वेळी बादलीभर पाणी ओतावे आणि करपलेले सारे कापून टाकावे, असे वाटणे साहजिक आहे. मात्र पहिल्याच दिवशी या दोन्ही गोष्टी केल्या तर वाचण्याजोगे झाडही हातचे जाऊ शकते.

पानाच्या पृष्ठभागावरील सूक्ष्म पर्णरंध्रांतून पाण्याची वाफ बाहेर पडत असते आणि त्यामुळे पान थंड राहते. माती कोरडी पडू लागली की झाड पाणी वाचवण्यासाठी ही रंध्रे मिटून घेते, पण त्याबरोबर थंडावाही थांबतो आणि उन्हातल्या पानाचे तापमान हवेपेक्षा काही अंशांनी वर जाते. ते साधारण ४५ ते ५० अंश सेल्सियसच्या आसपास पोहोचले की पेशींची आवरणे गळकी होतात आणि तो भाग मरतो. मेलेला भाग कितीही पाणी दिले तरी पुन्हा हिरवा होत नाही. नुसते मलूल झालेले पान मात्र सावलीत, बहुधा रात्रीतून, पुन्हा ताठ होऊ शकते.

वरून न दिसणारे नुकसान कुंडीच्या आत झालेले असते. पाणी शोषणारे मूलरोम आणि तंतुमुळे अतिशय नाजूक असतात. कुंडीच्या उन्हाकडील बाजूला, विशेषतः कुंडी गडद रंगाची असेल तर, ती सर्वांत आधी मरतात. त्यामुळे झाडाची पाणी पिण्याची क्षमताच घटलेली असते. अशा कुंडीत रोज भरपूर पाणी ओतले तर ते वापरले जात नाही, मातीच्या पोकळ्यांतली हवा हटते आणि उरलेली मुळे प्राणवायूअभावी कुजू लागतात. माती ओली असूनही पाने मलूलच राहिली आणि कुंडीला आंबूस वास येऊ लागला, तर मुळे कुजू लागली आहेत असे समजावे.

म्हणून पहिले काम म्हणजे कुंडी उजेड असलेल्या सावलीत हलवणे. त्यानंतर पाणी. पूर्ण वाळलेली माती, त्यातही कोकोपीट अधिक असलेली, आकसून कुंडीच्या कडेपासून सुटते आणि पाणी झटकून टाकते. ओतलेले पाणी क्षणात तळाच्या छिद्रातून वाहून गेले, तर माती भिजली असे मानू नये. ते बहुधा कडेच्या फटीतून गेलेले असते. संध्याकाळी साधारण २०० मिलिलीटर पाणी मातीवर हळूहळू घालावे, १५ ते २० मिनिटे थांबावे आणि असे चार-पाच वेळा करावे. माती हळूहळू पाणी धरू लागते आणि कुंडी उचलल्यावर जड लागते. यापुढे ठरावीक दिवसांच्या हिशेबाने पाणी देऊ नये. बोटाने तपासून वरची इंचभर माती कोरडी लागेल तेव्हाच द्यावे, म्हणजे शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात ती ओल आणि हवा दोन्ही असलेली स्थिती टिकते. नवी पाने येऊन झाडाची तहान वाढली की दोन पाण्यांमधले अंतर आपोआप कमी होत जाते.

कात्री आठवडाभर तरी बाजूला ठेवणे मला योग्य वाटते. पूर्ण वाळलेली पाने हाताने सहज निघत असतील तर काढावीत, पण अर्धी हिरवी पाने राहू द्यावीत. तो हिरवा भाग अजून अन्न तयार करतो आणि करपलेली कडाही खालच्या सालीवर थोडी सावली धरते. पाने कशी जातात हेही पाहण्यासारखे आहे. पान गळण्यासाठी देठाच्या तळाशी एक विशेष थर सक्रिय व्हावा लागतो आणि ते काम जिवंत पेशीच करू शकतात. त्यामुळे पाने गळून फांदी उघडी पडली, तर ती बऱ्याचदा जिवंत असते; वाळलेली पाने फांदीलाच चिकटून लटकत राहिली, तर त्या फांदीविषयी शंका घ्यावी. खात्रीसाठी नखाने साल किंचित खरवडावी. आत हिरवे आणि ओलसर दिसले तर फांदी जिवंत, तपकिरी आणि कोरडे दिसले तर मृत. शेंड्याकडून खाली खरवडत यावे आणि हिरवे लागेल तिथे, निरोगी डोळ्याच्या किंचित वर, स्वच्छ सिकेटरने तिरका काप द्यावा. जिवंत फांद्या आताच आखूड करू नयेत, कारण त्या छाटणीने कोवळी फूट उसळते आणि तिला लागणारे पाणी पुरवण्याइतकी मुळे अजून झालेली नसतात.

खताचेही तेच. त्यातील क्षार मातीतल्या पाण्याची ओढ वाढवतात आणि जखमी मुळांना पाणी घेणे आणखी अवघड होते. सारे नीट चालले तर दोन-तीन आठवड्यांत डोळे फुगू लागतात. त्या नव्या पानांचा पूर्ण आकार झाल्यावरच निम्म्या मात्रेत खत द्यावे आणि कुंडी सकाळच्या तासाभराच्या उन्हात ठेवण्यास सुरुवात करावी, कारण सावलीत वाढलेले पान एकदम दुपारच्या उन्हात गेले तर पुन्हा करपते.