स्प्रिंगांवरचा गर्डर नेमका किती खाली बसतो?

मुंबईत अनेक उंच इमारतींच्या गच्चीवर पंप, एसीची यंत्रं असतात आणि त्यांच्या बरोबर खालच्या मजल्यावर माणसं झोपलेली असतात. यंत्राची थरथर स्लॅबमध्ये उतरू नये म्हणून ते लोखंडी गर्डरवर आणि गर्डर स्प्रिंगांवर ठेवतात. असा एक गर्डर घेऊ: लांबी 4 मीटर, दोन्ही टोकांना एकेक स्प्रिंग, आणि डाव्या टोकापासून 1 मीटरवर 12 किलोन्यूटन, म्हणजे साधारण सव्वा टन भार.

पहिला प्रश्न, कोणत्या स्प्रिंगवर किती भार? इथे स्प्रिंग कडक की मऊ याने काहीच फरक पडत नाही. आधार दोनच असल्यामुळे उत्तर निव्वळ समतोलातून मिळतं: डावीकडे 9, उजवीकडे 3 किलोन्यूटन. मध्ये तिसरी स्प्रिंग असती, तर मात्र कडकपणा जाणल्याशिवाय वाटणी कळली नसती.

आता खाली बसणं. ते दोन भागांत काढून बेरीज करायची, यालाच अध्यारोपण म्हणतात. आधी गर्डर अजिबात वाकत नाही असं धरू. स्प्रिंग 1 मिलिमीटर दाबायला अर्धा किलोन्यूटन लागत असेल, तर डावी 18 आणि उजवी 6 मिलिमीटर दबेल. गर्डर सरळच राहील, पण तिरका. भाराखाली तो 15 मिलिमीटर उतरलेला असेल. मग उलट धरू: स्प्रिंगा दगडासारख्या घट्ट, वाकतो तो फक्त गर्डर. भाराखालचा वाक Pa²b²/(3EIL) या सूत्राने मिळतो. यात P म्हणजे भार, a आणि b त्याची दोन टोकांपासूनची अंतरं, L लांबी, E गर्डरच्या धातूचा ताठपणा आणि I त्याच्या छेदाच्या आकारावरून ठरणारी संख्या. नेहमीच्या 200 मिलिमीटर उंचीच्या आय-गर्डरसाठी तो जेमतेम 2 मिलिमीटर येतो. एकूण 17. ही बेरीज चालते, कारण दोन्ही कल्पनांत आधारांवरचे भार तेच राहतात. मात्र स्प्रिंगचे वेढे एकमेकांना टेकले की दाब आणि भार यांचं सरळ प्रमाण मोडतं आणि हा हिशेबही.

म्हणजे यंत्र तिरकं झालं म्हणून जाडजूड गर्डर आणणं व्यर्थ आहे. त्याने फार तर ते 2 मिलिमीटर कमी होतील. डावी स्प्रिंग तिप्पट कडक घ्या, दोन्ही टोकं 6 मिलिमीटरच दबतील आणि यंत्र समतल बसेल. अर्थात कडक स्प्रिंग थरथर जास्त खाली सोडते, म्हणून शक्य असेल तिथे मी यंत्रच मध्याकडे सरकवणं पसंत करेन.

मला यातलं सगळ्यात उपयोगाचं वाटतं ते हे, की दबलेली स्प्रिंग तराजूचं काम करते. यंत्र चढवण्याआधी आणि नंतर पट्टीने तिची उंची मोजा. समजा, पहिल्या जोडीत डावी 18 मिलिमीटर दबली, पण उजवी 6 ऐवजी 2च. म्हणजे भार 9 आणि 1, बेरीज 10. उरलेले 2 किलोन्यूटन स्प्रिंगला चुकवून भलतीकडून स्लॅबमध्ये जात आहेत. डाव्या टोकाभोवती आघूर्ण, म्हणजे भार गुणिले अंतर, मांडलं की ती जागाही सापडते: यंत्राचे 12 गुणिले 1, त्यातून उजव्या स्प्रिंगचे 1 गुणिले 4 वजा केले की उरतात 8, त्याला 2 ने भागलं की 4 मीटर. म्हणजे अडथळा उजव्या टोकालाच आहे. तिथे गर्डरखाली सिमेंटचा गोळा अडकलाय का, की एखादा पाइप त्याला टेकलाय, ते बॅटरी घेऊन बघायचं.