चंद्राच्या खडकातला ऑक्सिजन आणि थियाचा हरवलेला माग

सुमारे साडेचार अब्ज वर्षांपूर्वी मंगळाएवढा एक ग्रह कोवळ्या पृथ्वीवर तिरका आदळला. त्या धडकेत वितळलेला आणि वाफ झालेला खडक अवकाशात उडाला, पृथ्वीभोवती त्याची तबकडी झाली आणि त्या तबकडीतून चंद्र जमून आला. हा झाला महाआघात सिद्धांत. विल्यम हार्टमन आणि डोनाल्ड डेव्हिस यांनी १९७५ साली तो मांडला. आदळलेल्या ग्रहाला पुढे थिया हे नाव मिळालं.

अपोलो मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात आणलेले ३८२ किलो खडक आणि माती या सिद्धांताच्या बाजूने बरंच काही बोलतात. पोटॅशियम, जस्त यांसारखी तापल्यावर सहज उडून जाणारी मूलद्रव्यं त्यांत फारच कमी आहेत. अनॉर्थोसाइट हा फिकट खडक तर चंद्राचं बाहेरचं अंग एकेकाळी वितळलेलं होतं असं सांगतो, कारण त्याचे हलके स्फटिक शिलारसावर तरंगत वर आले असावेत. शिवाय चंद्राचा लोखंडी गाभा अगदीच लहान आहे. धडकेत मुख्यतः बाहेरचा खडक उडाला आणि थियाचा गाभा पृथ्वीत बुडाला, असं धरलं की हेही जुळतं.

खरी पंचाईत केली ती ऑक्सिजनने.

ऑक्सिजनची तीन स्थिर समस्थानिकं असतात: १६, १७ आणि १८. वितळणं, गोठणं, बाष्पीभवन अशा प्रक्रियांत त्यांचं प्रमाण बदलतं, पण ठरावीक नियमाने. १८चं प्रमाण जेवढं बदलेल त्याच्या साधारण निम्म्याने १७चं बदलतं. त्यामुळे आलेखावर मांडले तर पृथ्वीवरचे खडक जवळपास एकाच रेषेवर येतात. दुसऱ्या ग्रहाचा खडक मात्र या रेषेपासून दूर पडतो, कारण त्याची मूळ सामग्रीच वेगळी होती. मंगळावरून आलेल्या उल्का रेषेच्या वर, हजारात सुमारे ०.३ भाग इतक्या अंतरावर बसतात.

आता थिया ऑक्सिजनच्या बाबतीत मंगळासारखी होती असं समजू. संगणकावर या टकरीचं गणित केलं, तेव्हा चंद्राचा साधारण ७० टक्के किंवा त्याहून जास्त माल थियाचा निघत होता. पृथ्वीच्या प्रावरणात तिचा वाटा १० टक्के धरला, तर चंद्र रेषेच्या वर ०.२१ आणि पृथ्वी ०.०३ सरकेल. म्हणजे दोघांत ०.१८चा फरक दिसायला हवा. २००१ साली झुरिचमध्ये उवे विखर्ट आणि सहकाऱ्यांनी अपोलोचे ३१ नमुने मोजले. फरक ०.००५पेक्षाही कमी निघाला! अपेक्षेच्या छत्तिसाव्या भागाहूनही लहान.

मग थिया मुळात पृथ्वीसारखीच होती, असं म्हणता येईल का? काही उल्कांमधला ऑक्सिजन पृथ्वीशी जवळपास जुळतो, त्यामुळे ही शक्यता हास्यास्पद नाही. पण टंगस्टन तिथे आडवं येतं. टंगस्टन-१८२ हे हाफ्नियम-१८२च्या किरणोत्सारी ऱ्हासातून तयार होतं. ग्रहाचा गाभा बनताना टंगस्टन बहुतांश लोखंडाबरोबर खाली जातं आणि हाफ्नियम खडकात मागे राहतं. त्यामुळे खडकात शेवटी किती टंगस्टन-१८२ उरेल, हे गाभा कधी आणि कसा बनला यावर अवलंबून असतं. एकाच सामग्रीतून बनलेल्या दोन ग्रहांतही हा आकडा सारखा येणं हा मोठाच योगायोग ठरेल. चंद्राच्या खडकांत ते पृथ्वीपेक्षा किंचित जास्त आहे, पण चंद्र बनल्यानंतर पृथ्वीवर पडलेल्या उल्कांचा हिशेब वजा केला की दोन्ही आकडे जवळजवळ एक होतात. माझ्या मते ‘जुळी बहीण’ हा खुलासा इथेच लंगडा पडतो.

राहतं ते मिसळणं. २०१२ साली मटिया चुक आणि सारा स्टुअर्ट यांनी फार वेगाने गरगरणाऱ्या पृथ्वीवरच्या टकरीचं गणित केलं. त्यात बराचसा माल पृथ्वीच्याच प्रावरणातून उडतो. त्याच वर्षी रॉबिन कॅनप यांनी जवळपास सारख्या वस्तुमानाच्या दोन ग्रहांची टक्कर मांडली. तिच्यात दोन्हींचा खडक पुरता एक होतो. दोन्ही मांडण्यांचा अडसर एकच: पृथ्वी-चंद्र जोडीत आज आहे त्याहून खूपच जास्त परिवलन शिल्लक राहतं आणि ते कसं कमी झालं हे वेगळं सिद्ध करावं लागतं.

मोजमापाचा वादही मिटलेला नाही. २०१४ साली एका गटाला दोघांच्या ऑक्सिजनमध्ये हजारात ०.०१२चा फरक सापडला, २०१६ साली दुसऱ्या गटाला काहीच सापडला नाही. २०२० साली न्यू मेक्सिको विद्यापीठातल्या संशोधकांनी म्हटलं की सगळ्या खडकांची सरासरी काढणं हीच चूक आहे. त्यांच्या मापांत चंद्राच्या खोल भागातून आलेल्या खडकांचा ऑक्सिजन पृथ्वीपासून जास्त दूर होता. तसं असेल तर थिया वरच्या थरांत पृथ्वीच्या मालात मिसळली, पण खोलवर टिकून राहिली. हे तपासायला चंद्राच्या प्रावरणातला खडक हातात हवा आणि तो मिळण्याची आशा दक्षिण ध्रुव-एटकेन या प्रचंड विवरात जास्त आहे, कारण तिथल्या आघाताने कवच फोडून खोलवरचा खडक वर आणला असावा. चीनच्या चांग-ई ६ यानाने जून २०२४मध्ये याच विवरातून जवळपास दोन किलो नमुने पृथ्वीवर आणले.