‘दुसरी नोटीस’ गेली आणि शिक्षेवरचा वाद अपिलात आला

पुण्यातल्या कुठल्याही सरकारी कार्यालयात विभागीय चौकशी संपत आली की एक प्रश्न हमखास कानावर पडतो: “दुसरी नोटीस आली का?” विचारणाऱ्याच्या डोक्यात जी नोटीस असते ती कायद्यातून जाऊन पन्नासच्या आसपास वर्षं होत आली. तरी शब्द टिकला आहे, आणि त्याच्यामुळे अपिलं चुकतात.

मूळ गोष्ट थोडक्यात. १९३५ च्या भारत सरकार कायद्यात सरकारी नोकराच्या बडतर्फी किंवा पदावनतीपूर्वी ‘योजलेल्या कारवाईविरुद्ध कारणे दाखवण्याची वाजवी संधी’ द्यावी, असं लिहिलेलं होतं. १९४८ मध्ये एका सनदी अधिकाऱ्याच्या प्रकरणात लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलमध्ये, म्हणजे तेव्हाच्या शेवटच्या अपील न्यायालयात, या वाक्याचा अर्थ ठरला. चौकशी पूर्ण होऊन शिक्षा मनात पक्की झाली की मगच ‘योजलेली कारवाई’ अस्तित्वात येते, म्हणून त्या टप्प्यावर पुन्हा विचारणा हवी. हीच दुसरी नोटीस. पहिलीत आरोपांना उत्तर द्यायचं, दुसरीत शिक्षेवर बोलायचं: दोषी ठरवलंत, पण एवढी मोठी शिक्षा का?

संविधानाच्या ३११ व्या अनुच्छेदात हा अर्थ उतरला. १९६३ च्या दुरुस्तीने शिक्षेवरचं म्हणणं चौकशीत आलेल्या पुराव्यापुरतं मर्यादित केलं. मग ४२ व्या घटनादुरुस्तीने, ३ जानेवारी १९७७ पासून, शिक्षेबद्दल विचारणा करण्याची गरजच काढून टाकली. एकच गोष्ट दोनदा कशाला विचारायची, चौकश्या वर्षानुवर्षं रेंगाळतात, असा युक्तिवाद होता. रेंगाळत होत्या हे खरंच. पण गोष्ट एकच नव्हती. दोष आणि शिक्षेचं प्रमाण हे दोन वेगळे प्रश्न आहेत. दुसरा प्रश्न विचारण्याची जागा आदेशाच्या अलीकडून उचलून पलीकडे ठेवली गेली, आणि त्याचा फटका वकील न परवडणाऱ्या खालच्या श्रेणीला जास्त बसला. महाराष्ट्राचे शिस्त व अपील नियम १९७९ चे, म्हणजे या बदलानंतरचे. त्यामुळे शिक्षा जास्त आहे हे सांगण्याची खरी जागा आता अपील, आदेशाची प्रत हाती पडल्यापासून ४५ दिवसांत.

गोंधळ पुढे वाढला. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की चौकशी अधिकारी शिक्षा देणाऱ्याहून वेगळा असेल तर त्याच्या अहवालाची प्रत शिक्षेआधी कर्मचाऱ्याला मिळालीच पाहिजे. १९९३ मध्ये पाच न्यायमूर्तींनी ते कायम केलं, पण एक अट जोडली: प्रत न मिळाल्याने नुकसान काय झालं ते दाखवा. आज ज्या पत्रासोबत हा अहवाल येतो, त्यालाच कार्यालयात ‘दुसरी नोटीस’ म्हणतात. पण त्यात मागितलेलं असतं ते निष्कर्षांवरचं म्हणणं. पुष्कळ जण तिथे शिक्षा कमी करा अशी विनंती करतात, निष्कर्षांबद्दल चकार शब्द काढत नाहीत, आणि पुढे अपिलात निष्कर्ष चुकीचे होते म्हणतात. तेव्हा समोरून एकच वाक्य येतं: त्या वेळी हरकत घेतली नव्हती.

अपिलाची कोरडी भाषाही याच वाटेने आली. नियमांप्रमाणे अपिलात सगळी महत्त्वाची विधानं आणि मुद्दे असावेत, ते स्वयंपूर्ण असावं आणि त्यात अनादराची किंवा अयोग्य भाषा नसावी. अपिलीय प्राधिकाऱ्याने पाहायच्या गोष्टी तीन: कार्यपद्धती पाळली गेली का आणि नसेल तर त्याने अन्याय झाला का, निष्कर्षांना पुरावा आहे का, आणि शिक्षा जास्त, पुरेशी की अपुरी आहे. ‘अपुरी’ हा शब्द विसरू नये. संधी देऊन शिक्षा वाढवताही येते. या तीन खणांत न बसणारा मजकूर, मग तो कितीही खरा असो, वाचणाऱ्याला कुठे ठेवावा तेच कळत नाही.

शहरातल्या एका कार्यालयातल्या लिपिकाचं अपील मला वाचायला मिळालं. ओळख पटेल असे तपशील बदलून सांगतो. आलेला अर्ज आवक नोंदवहीत ११ दिवस उशिरा चढला. आर्थिक नुकसान नाही. किरकोळ शिक्षेची नोटीस, दोन पानी उत्तर, आणि साक्षीपुरावा न होता आदेश: ‘एक वेतनवाढ कायमस्वरूपी रोखण्यात येत आहे. अपचाऱ्याची पूर्वीची वर्तणूकही समाधानकारक नाही.’

पहिल्या मसुद्यात १९ वर्षांची निष्कलंक सेवा, आईचं आजारपण, साहेबांचा आकस, सगळं होतं. शेजारच्या टेबलावरच्या निवृत्तीला आलेल्या बाईंनी तो वाचून परत दिला. “अरे, आकस म्हणतोस, कागद आहे का त्याचा? नाही ना? मग खोड ते.”

दुसऱ्या मसुद्यात तीन परिच्छेद उरले.

पहिला कार्यपद्धतीचा. वेतनवाढ ठरावीक काळ रोखणं ही किरकोळ शिक्षा, पण ती कायमची गेली तर माणूस वेतनश्रेणीत तेवढा खालीच राहतो. १९९० च्याच दुसऱ्या एका निकालात अशी शिक्षा मोठी धरली आहे, म्हणजे तिला पूर्ण चौकशी लागते. इथे ती झालेलीच नाही.

दुसरा ‘पूर्वीच्या वर्तणुकी’चा. मागचं रेकॉर्ड शिक्षा ठरवताना धरायचं असेल तर तसं नोटिशीत सांगावं लागतं, हा १९६३ चा निकाल. तो दुसऱ्या नोटिशीच्या जमान्यातला आहे, त्यामुळे आज तो किती लागू यावर वाद घालता येतो. म्हणून लिपिकाने त्यावर भर दिला नाही. ‘हे वाक्य नोटिशीत नव्हते, त्यामुळे त्याला उत्तर देता आले नाही’ एवढंच लिहिलं.

तिसरा प्रमाणाचा, आणि तो निव्वळ हिशेब होता. मूळ वेतन ४०,००० रुपये, वेतनवाढ तीन टक्क्यांनी १,२०० रुपये. एक वर्ष रोखली तर तोटा १४,४०० रुपये. कायमची रोखली तर उरलेल्या १६ वर्षांत २,३०,४०० रुपये, तेही महागाई भत्ता आणि पुढच्या वाढींवरचा परिणाम न धरता. त्याखाली एकच ओळ: ‘११ दिवसांच्या विलंबास ही शिक्षा जास्त आहे.’

हा हिशेब अपिलातच मांडायला हवा होता. १९८७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जेवण्याचा हुकूम न मानणाऱ्या एका जवानाची कैद आणि बडतर्फी अवाजवी म्हणून रद्द केली, तेव्हा प्रमाणाचा मुद्दा सोपा झाला असं वाटलं होतं. पण १९९५ पासून कसोटी कडक आहे: सदसद्विवेकाला धक्का बसेल इतकी विसंगत शिक्षा असेल तरच न्यायालय किंवा न्यायाधिकरण हात घालतं. अपिलीय प्राधिकाऱ्याला तो धक्का बसावा लागत नाही. शिक्षा जास्त आहे एवढं पटलं तरी पुरे. तरीही लोक इथे दोन ओळींत उरकतात आणि खरा युक्तिवाद मुंबईच्या न्यायाधिकरणासाठी राखून ठेवतात.

अपिलाचा निकाल सात महिन्यांनी आला. ‘अपिलातील मुद्दे मान्य करण्याजोगे नाहीत’ असं मोघम उत्तर देऊन चालत नाही, कारणं द्यावी लागतात, हे १९८६ पासून ठरलेलं आहे. या आदेशात पहिल्या मुद्द्यावर दीड पान कारणं होती, दुसऱ्यावर काहीच नव्हतं, तिसऱ्यावर एक वाक्य होतं. शेवटी लिहिलं होतं, मूळ आदेशातील ‘कायमस्वरूपी’ या शब्दाऐवजी ‘पुढील वेतनवाढींवर परिणाम न होता एक वर्षासाठी’ असे वाचावे.