दुधाची दाढ किडली: काढायची की वाचवायची?

“दुधाचीच तर आहे, पडणारच. काढून टाका!” आमच्या इंदूरच्या दवाखान्यात हे बहुधा आजी सांगतात. आजींचं म्हणणं पुढच्या दातांना बऱ्यापैकी लागू पडतं. पण दुधाची मागची दाढ दहा ते बारा वर्षांपर्यंत तोंडात राहायची असते. ती सातव्या वर्षी काढली, तर तिच्यामागे आलेली पक्की दाढ पुढे सरकते आणि खालून येणाऱ्या दाताची जागा खाते.

मागे सात वर्षांची एक मुलगी आली. खालच्या दोन्ही बाजूंच्या मागच्या दाढा किडलेल्या. डावीकडे पोह्यांबरोबरची जलेबी खाल्ली की कळ यायची आणि चूळ भरली की थांबायची. उजवीकडे मात्र रात्री झोपेतून उठवणारा ठणका होता आणि हिरडीवर पुटकुळी. एक्स-रेमध्ये उजव्या दाढेच्या मुळांमधलं हाड झिजलेलं दिसलं, डावीकडचं शाबूत होतं.

डाव्या दाढेची पल्पोटॉमी करायचं ठरलं, म्हणजे दाढेच्या आतल्या नसेचा फक्त वरचा भाग काढायचा आणि मुळांतला राखायचा. कीड नसेपर्यंत पोहोचली असली तरी ती वरच्या भागातच असावी, मुळांतली नस निरोगी असावी, असा आमचा अंदाज होता. अंदाजच, कारण खरं उत्तर दाढ उघडल्यावर मिळतं.

सुई देऊन दाढ बधिर केली, लाळ आत जाऊ नये म्हणून भोवती रबराचा पडदा लावला. आधी सगळी कीड काढली, मग नसेच्या पोकळीचं छप्पर उघडून वरची नस मुळांच्या तोंडापर्यंत कापून काढली. आता ओल्या कापसाचा बोळा दाबून धरायचा आणि घड्याळाकडे बघायचं. पाचेक मिनिटांत रक्त थांबलं तर मुळांतली नस चांगली आहे असं समजतो. गडद रक्त येतच राहिलं, तर सूज मुळांत उतरलेली असते. मग पल्पोटॉमी तिथेच सोडून मुळं पूर्ण साफ करावी लागतात, नाहीतर दाढ काढावी लागते. म्हणूनच आम्ही आधी पक्का शब्द देत नाही. तिचं रक्त तीन मिनिटांत थांबलं. मुळांच्या तोंडावर एमटीए नावाचं सिमेंट ठेवलं, वर फिलिंग आणि त्यावर स्टीलची टोपी. टोपी दिसायला चांदीसारखी, म्हणून काही पालक नको म्हणतात. पण पोकळ झालेली दाढ नुसत्या फिलिंगवर चिरते, फटीतून जंतू आत शिरतात आणि केलेलं काम वाया जातं.

उजवी दाढ पुढच्या आठवड्यात काढली. मागच्या पक्क्या दाढेला कडं बसवून तारेच्या फाशाने जागा राखली.

घरी गेल्यावर दोन-तीन तास ओठ बधिर असतो. मुलं गंमत म्हणून तो चावतात आणि संध्याकाळी सुजलेला ओठ घेऊन परत येतात, तेव्हा तेवढा वेळ लक्ष ठेवा. पुढे सहा महिन्यांनी दाखवायला या. गरज वाटली तर एक्स-रे काढू. मधेच हिरडीवर पुटकुळी आली, दाढ हलू लागली किंवा रात्री दुखलं, तर सहा महिने थांबू नका.