ऋणकोंच्या शिलकेची बाह्य पुष्टी: पात्रता, कागदपत्रे, प्रक्रिया आणि एका पानाचे टिपण

लेखापरीक्षण पुराव्याचे प्रकरण आटोपशीर करताना बहुतेक विद्यार्थी तीन याद्या करतात. पहिली पद्धतींची, दुसरी पुराव्याच्या प्रकारांची आणि तिसरी असर्शनची, म्हणजे आर्थिक पत्रके सादर करताना व्यवस्थापन प्रत्येक आकड्यामागे जे दावे करत असते त्यांची. याद्या पाठ होतात, पण प्रश्न मात्र कधीच यादी विचारत नाही. तो एखादी चाचणी समोर ठेवतो आणि तिने कोणता दावा तपासला जातो व कोणता अस्पर्शित राहतो, हे विचारतो. म्हणून टिपण एखाद्या शिलकेभोवती बांधावे. येथे त्यासाठी व्यापारी ऋणकोंची शिल्लक घेतली आहे, कारण पुराव्याची जवळजवळ प्रत्येक पद्धत या एकाच शिलकेवर वापरता येते, आणि आयएसए ५०५ या आंतरराष्ट्रीय लेखापरीक्षण मानकातील बाह्य पुष्टीची प्रक्रिया पायरीपायरीने पाहता येते.

आयएसए ५०० नुसार पद्धती सात आहेत: दस्तऐवज किंवा मालमत्तेची तपासणी, प्रत्यक्ष निरीक्षण, बाह्य पुष्टी, पुनर्गणना, नियंत्रण पुन्हा राबवून पाहणे, विश्लेषणात्मक पद्धती आणि विचारणा. यांपैकी नुसत्या विचारणेवर सहसा कोणताही महत्त्वाचा दावा सिद्ध झाला असे मानता येत नाही. तिला दुसऱ्या पुराव्याचा आधार लागतो. वर्षअखेरच्या शिलकेबाबतचे दावे असे: शिल्लक अस्तित्वात आहे, तिच्यावर संस्थेचा हक्क आहे, नोंद संपूर्ण आहे, रक्कम अचूक असून मूल्यमापन योग्य आहे, वर्गीकरण बरोबर आहे आणि मांडणी व प्रकटन नीट आहे. शेवटच्या दोहोंवर येथे वेळ घालवत नाही, कारण पुष्टीपत्राचा त्यांच्याशी फारसा संबंध येत नाही.

कोणत्या उत्तराला पुष्टी म्हणावे

त्रयस्थ पक्षाने लेखापरीक्षकाला थेट दिलेले लेखी उत्तर, मग ते कागदावर असो वा इलेक्ट्रॉनिक माध्यमातून, एवढ्यालाच मानक बाह्य पुष्टी म्हणते. ‘लेखी’ आणि ‘थेट’ या दोन अटींतच अर्धे प्रश्न सुटतात. ग्राहकाने दूरध्वनीवर शिल्लक मान्य केली, तर ती पुष्टी ठरत नाही. लेखापरीक्षक त्याला लेखी उत्तर मागू शकतो आणि ते आले नाही, तर पर्यायी पुरावा शोधतो. ग्राहकाचे पत्र आधी संस्थेच्या लेखा विभागात आले आणि तेथून लेखापरीक्षकाच्या हाती पडले, तरी थेटपणाची अट मोडली. ते पत्र खोटेच असेल असे नाही, पण मधल्या हातांनी त्यात बदल केला नसेल याची खात्री उरत नाही. ईमेलने आलेल्या उत्तरात पाठवणाऱ्याचा पत्ता त्या ग्राहकाचाच आहे का, हे तपासावे लागते ते याच कारणासाठी.

लागणारी कागदपत्रे

सुरुवातीला वर्षअखेरची ऋणकोंची खातेनिहाय यादी घ्यावी लागते आणि तिची बेरीज सामान्य खातेवहीतील नियंत्रण खात्याशी जुळवावी लागते. ही पुनर्गणना किरकोळ वाटते, पण यादीच अपुरी असेल तर तिच्यातून निवडलेल्या नमुन्याला काही अर्थ राहत नाही. त्यानंतर व्यवस्थापनाच्या सहीचे विनंतीपत्र लागते. आपली माहिती लेखापरीक्षकाला द्यावी असा अधिकार ग्राहकाला संस्थेकडून मिळावा लागतो, म्हणून सही तिची असते. पुढे, उत्तर न आल्यास किंवा फरक निघाल्यास, बीजके, माल पोचल्याची चलने, क्रेडिट नोटा आणि नंतरच्या काळातील बँक विवरणपत्रे हाताशी असावी लागतात.

प्रक्रिया

पत्रावर सही संस्थेची असली, तरी प्रक्रियेवर ताबा लेखापरीक्षकाचा राहतो. कोणती माहिती विचारायची, कोणते ग्राहक निवडायचे, पत्ते खरे आहेत का, पत्र टपालात कोणी टाकायचे, उत्तराचा पत्ता कोणता, आणि उत्तर न आल्यास स्मरणपत्र कोणी पाठवायचे, या सगळ्यांचे उत्तर एकच: लेखापरीक्षकाने. संस्थेचा कर्मचारी ‘आम्हीच पाठवून देतो’ असे सौजन्याने म्हणतो, तेव्हा नेमका हाच ताबा सुटतो.

विनंती दोन प्रकारची असते. सकारात्मक विनंतीत ग्राहकाने सहमत असो वा नसो, उत्तर द्यायचेच असते. नकारात्मक विनंतीत केवळ असहमत असेल तर उत्तर द्यायचे असते. दुसऱ्या प्रकारात मौन म्हणजे संमती धरली जाते आणि तिथेच त्याची दुर्बलता आहे, कारण पत्र मिळालेच नाही किंवा कोणी उघडलेच नाही, तरीही मौनच असते. म्हणून चार अटी एकत्र पूर्ण झाल्याखेरीज नकारात्मक विनंती हा एकमेव पुरावा ठेवता येत नाही: चुकीच्या सादरीकरणाची जोखीम कमी आहे आणि नियंत्रणे परिणामकारक असल्याचा पुरेसा पुरावा मिळाला आहे, शिलका लहान, एकसारख्या आणि मोठ्या संख्येने आहेत, तफावतीचे प्रमाण अत्यल्प अपेक्षित आहे, आणि ग्राहक अशा पत्रांकडे दुर्लक्ष करतील असे मानण्याजोगी कोणतीही परिस्थिती ठाऊक नाही.

तीन उत्तरे, तीन अर्थ

एका कल्पित संस्थेची तीन खाती घेऊ. पहिल्या ग्राहकाची शिल्लक पुस्तकांत ६,४०,००० आहे आणि उत्तर आले ५,१५,००० चे. फरक १,२५,०००. ग्राहकाने उत्तरासोबत तपशील दिला: ८०,००० चा धनादेश वर्षअखेरच्या दोन दिवस आधी पाठवला आणि ४५,००० चा माल त्याच महिन्यात परत केला. धनादेश संस्थेला नव्या वर्षात मिळाला व त्याच दिवशी नोंदला गेला, हे बँक विवरणपत्रावरून दिसले. हा वाटेतल्या वेळेचा फरक आहे. संस्थेची नोंद चुकीची नाही. परत आलेल्या मालाचे तसे नाही. गोदामाची आवक पावती वर्षअखेरच्या आधीच्या तारखेची आहे आणि क्रेडिट नोट मात्र नव्या वर्षात काढली गेली. म्हणजे ४५,००० चे येणे वर्षअखेरीस अस्तित्वातच नव्हते, विक्री तेवढ्याने फुगली आहे, आणि व्यवहारांच्या बाजूने पाहिले तर कट-ऑफ, म्हणजे व्यवहार योग्य वर्षात नोंदण्याची सीमा, चुकला आहे. शिवाय तो माल शिल्लक मालाच्या मोजणीत धरला गेला का, हे पाहावेच लागते. उत्तरपत्रिकेत पूर्ण १,२५,००० ला चूक म्हणणारा विद्यार्थी इथेच गुण गमावतो.

दुसऱ्या ग्राहकाची शिल्लक ३,१०,००० असून स्मरणपत्रानंतरही उत्तर आले नाही. सकारात्मक विनंतीला उत्तर न मिळणे हा ना चुकीचा पुरावा असतो, ना बरोबरचा. अशा वेळी पर्यायी पद्धती वापराव्या लागतात. पुढील महिन्यात त्याच्याकडून २,९०,००० जमा झाल्याचे दिसले. मात्र जमा रक्कम पाहून थांबता येत नाही. ती कोणत्या बीजकांपोटी आली हे भरणा तपशिलावरून जुळवावे लागते, कारण ती नव्या वर्षातील विक्रीची असेल तर जुन्या शिलकेबद्दल ती काहीच सांगत नाही. येथे ती जुन्या बीजकांशी जुळली. उरलेल्या २०,००० साठी ग्राहकाच्या सहीचे माल पोच चलन तपासले. नंतरच्या जमेचा एक फायदा पुष्टीपत्रापेक्षाही मोठा आहे: पैसे आले म्हणजे येणे होते आणि ते वसूलही झाले, त्यामुळे अस्तित्वासोबत मूल्यमापनालाही आधार मिळतो.

तिसऱ्या ग्राहकाने ९,७५,००० ची शिल्लक जशीच्या तशी मान्य केली. कामाचे कागद यावर ‘समाधानकारक’ शेरा मारून बंद करण्याचा मोह होतो. परंतु यादीतील थकबाकीच्या वयोमानानुसार ही बीजके चौदा महिने जुनी आहेत आणि वर्षअखेरनंतर या ग्राहकाकडून काहीच आलेले नाही. देणे मान्य असणे आणि ते फेडण्याची ऐपत असणे या वेगळ्या गोष्टी आहेत. पुष्टीने अस्तित्व आणि बऱ्याच अंशी हक्क सिद्ध केला. संशयित कर्जाची तरतूद पुरेशी आहे का, या प्रश्नाला तिने हातही लावला नाही. त्यासाठी वयोमान यादीची अचूकता काही बीजकांच्या तारखांवरून पडताळणे, मागील वर्षांच्या तरतुदीशी प्रत्यक्ष बुडीत रक्कम ताडून पाहणे आणि त्या ग्राहकाशी झालेला पत्रव्यवहार वाचणे, ही वेगळी कामे करावी लागतात.

दिशा

संपूर्णतेबाबत पुष्टीपत्र सर्वांत दुबळे ठरते आणि त्याचे कारण नमुन्याच्या उगमात आहे. पत्रे यादीतील खात्यांना जातात. जी विक्री नोंदलीच नाही, तिचा ग्राहक यादीत नसू शकतो. असला, तरी आपले देणे कमी दाखवले गेले आहे असे कळवण्याची घाई फारच थोड्यांना असते. म्हणून संपूर्णतेसाठी उलट्या टोकाकडून निघावे लागते: गोदामाच्या जावक नोंदीतून नमुना घेऊन बीजक आणि पुढे खाते गाठायचे. खात्यातून कागदाकडे गेले की अस्तित्व किंवा व्यवहार खरोखर घडला हे तपासले जाते, आणि कागदातून खात्याकडे आले की संपूर्णता. दोन्हींत कागद तेच असतात, पण निष्कर्ष वेगळे निघतात. परीक्षक प्रश्नात ‘कोठून निवडले’ हे एका शब्दात सांगून टाकतो आणि तोच शब्द वाचताना निसटतो.

या शिलकेचे टिपण पुढीलप्रमाणे एका पानात बसते. प्रत्येक ओळीत आधी चाचणी, मग पुरावा, मग तपासलेला दावा आणि शेवटी सुटलेला दावा येतो.

- सकारात्मक पुष्टी. त्रयस्थाचे थेट लेखी उत्तर. अस्तित्व व हक्क. मूल्यमापन आणि संपूर्णता सुटते.
- नंतरची जमा बीजकाशी जुळवणे, बँक विवरणपत्र व भरणा तपशील, अस्तित्व व मूल्यमापन, संपूर्णता सुटते.
- जावक नोंदीतून खात्यापर्यंत; संस्थेचे अंतर्गत दस्तऐवज; संपूर्णता; अस्तित्व सुटते.
- वयोमान व तरतुदीचा आढावा; पुनर्गणना, पत्रव्यवहार व विचारणा; मूल्यमापन; अस्तित्व सुटते.

शेवटचा रकाना पाठ्यपुस्तकात सहसा नसतो, पण तोच भरताना प्रकरण समजले की नाही हे कळते.

व्यवस्थापनाने पत्र पाठवू दिले नाही तर

एखाद्या ग्राहकाशी वाद चालू आहे, सध्या त्याला पत्र नको, असे व्यवस्थापन म्हणू शकते आणि ते कारण खरेही असू शकते. लेखापरीक्षकाने कारण विचारून त्याचा पुरावा पाहावा, या नकाराने जोखमीचे मूल्यांकन बदलते का याचा विचार करावा, विशेषतः फसवणुकीच्या शक्यतेचा, आणि पर्यायी पद्धती राबवाव्यात. नकार अवास्तव वाटला, किंवा पर्यायी पद्धतींतून विश्वसनीय पुरावा मिळाला नाही, तर कारभारावर देखरेख ठेवणाऱ्यांना, म्हणजे संचालक मंडळ किंवा तत्सम मंडळाला, तसे कळवावे लागते आणि लेखापरीक्षण अहवालातील मतावर त्याचा काय परिणाम होतो हे ठरवावे लागते.